रात्री दीड वाजता उठणारी कळ

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत, एमआयडीसीत लेथवर काम करतात. तीन आठवडे झाले, रोज रात्री दीडच्या सुमारास त्यांच्या डाव्या डोळ्यामागे भयंकर कळ येते. तो डोळा लाल होतो, घळाघळा पाणी येतं, पापणी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. ते एका जागी बसतच नाहीत. अंगणात फेऱ्या मारतात, कपाळावर मुठी मारतात, डोकं नळाखाली धरतात. पाऊण-एक तासात सगळं थांबतं. आता दुपारीही कधीकधी होतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास असंच झालं होतं, तेव्हा दाढ काढली आणि बरं वाटलं. या वेळी सायनसच्या गोळ्या झाल्या, चष्म्याचा नंबर बदलला, मेडिकलमधून पेनकिलर तर रोजच. सासूबाई म्हणतात अर्धशिशी आहे, आमचे डॉक्टर म्हणतात टेन्शनमुळे आहे. परवा कळ ओसरल्यावर हे म्हणाले, ‘यापेक्षा मेलेलं बरं.’ डोक्यात गाठ तर नसेल ना? मी काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रावरून मला हा क्लस्टर हेडेक वाटतो. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, नाही आणि टेन्शनची डोकेदुखीही नाही. पक्कं निदान यजमानांना समोर बसवून तपासणाऱ्या न्यूरोलॉजिस्टनंच करायचं असतं. पण तुम्ही इतक्या बारकाईनं लिहिलंय की माझ्या मनात फारशी शंका उरलेली नाही. हा आजार हजारात साधारण एकाला होतो. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आढळतो आणि बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. यावर चांगले उपचार आहेत, मात्र ते नेहमीच्या डोकेदुखीचे नाहीत. म्हणून आधी नाव बरोबर कळायला हवं.

सासूबाईंचा अंदाज मी समजू शकतो. अर्धं डोकं दुखलं की अर्धशिशी, असंच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं. पण दुखणं कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरून या दोन आजारांत फरक करता येत नाही, कारण दोन्ही एका बाजूला दुखतात. मी रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना पहिला प्रश्न वेगळाच विचारतो: कळ आली की माणूस काय करतो?

अर्धशिशीचा माणूस पडून राहतो. खोलीत अंधार करतो, पंख्याचा आवाजही नको म्हणतो, कुकरची शिट्टी त्याच्या डोक्यात घुसते. जिना चढला तरी ठणका वाढतो, म्हणून तो कूसही बदलत नाही. मळमळतं, उलटी होते, आणि उलटी झाल्यावर बऱ्याच जणांना झोप लागून थोडं हलकं वाटतं. औषध घेतलं नाही तर हे दुखणं कमीत कमी ४ तास चालतं, काहींचं तर ३ दिवस. त्यात डोकं नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकतं.

तुमचे यजमान याच्या अगदी उलट वागतात. पडून राहणं त्यांना शक्यच होत नाही. फेऱ्या मारणं, पुढेमागे डुलणं, भिंतीवर डोकं आपटणं, डोळा तळव्यानं दाबून धरणं, थंड पाण्याखाली जाणं ही सगळी क्लस्टर हेडेकची लक्षणं आहेत. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अस्वस्थपणाला निदानाच्या निकषांत जागा दिलेली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण असं वागणारा माणूस आकांडतांडव करतोय, त्याला सहन होत नाही, किंवा काही बाहेरचं लागलंय, असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. यजमान तसं मुद्दाम करत नाहीत. त्या तासाभरात त्यांना स्वस्थ बसता येत नाही, तो आजाराचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. क्लस्टरची कळ पाच-दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि उपचार केले नाहीत तरी १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकून आपोआप थांबते. दिवसाआड एक ते दिवसाला आठ इतक्या वेळा ती येऊ शकते, आणि पुष्कळदा ठरलेल्या वेळी. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी उठवणारी कळ ही तर यात नेहमीची गोष्ट. यजमान साडेअकराच्या आसपास झोपत असतील, तर दीडचा हिशेब बरोबर लागतो.

टेन्शनची डोकेदुखी यात बसतच नाही. ती दोन्ही बाजूंना असते, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी. सौम्य ते मध्यम दुखतं, अर्ध्या तासापासून आठवडाभरही चालतं, पण माणूस कुरकुरत का होईना, कामं करत राहतो. उलटी होत नाही, डोळ्यातून पाणी येत नाही, पापणी पडत नाही. डोकं दुखून कुणी रात्री दीडला अंगणात पळत गेला तर त्याला टेन्शन म्हणू नये. टेन्शन आलंच असेल, तर ते या कळेमुळे आलंय.

डोळ्याचं पाणी आणि चोंदलेलं नाक याबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण निदान तिथेच चुकतं. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस आहे. क्लस्टरमध्ये तिची डोळ्याकडची शाखा पेटते, आणि तिच्याशी जोडलेल्या स्वयंचलित नसाही त्याच बाजूला जाग्या होतात. या नसा अश्रू आणि नाकाचा स्राव चालवतात. म्हणून डावा डोळा दुखला की पाणी डाव्याच डोळ्यातून येतं, डावीच नाकपुडी चोंदते किंवा वाहते, कपाळाच्या त्याच बाजूला घाम फुटतो. बाहुली बारीक होणं आणि पापणी पडणं हेही त्याच गडबडीतून होतं. हे सगळं ठरावीक वेळी का होतं, याचा संबंध मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाशी आहे. झोप-जागेपणाचं घड्याळ तिथेच असतं, आणि कळ चालू असताना केलेल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये तोच भाग सक्रिय झालेला दिसला आहे.

आता नाक चोंदलं, डोळ्याभोवती दुखलं की पहिला संशय सायनसवरच जातो. पण सायनसच्या दुखण्यात घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड असतो, बऱ्याचदा ताप असतो, वास येत नाही, आणि दुखणं दिवसभर रेंगाळतं. रोज रात्री दीडला येऊन अडीचला निघून जाणारं सायनस मी पाहिलेलं नाही. अर्धशिशीतही काहींच्या डोळ्यांना पाणी येतं आणि क्लस्टरमध्येही काहींना उजेड नको होतो. म्हणून एकाच लक्षणावर जाऊ नका. किती वेळ, किती वाजता आणि माणूस काय करत होता, हे तिन्ही एकत्र पाहा.

दाढेचं काय झालं, तेही इथेच स्पष्ट होतं. क्लस्टर हेडेक पाळ्यांनी येतो. काही आठवडे ते दोन-तीन महिने रोजचा जाच, आणि मग बरेच महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, एकही कळ नाही. पुष्कळांची पाळी दरवर्षी साधारण त्याच मोसमात उगवते. गेल्या वर्षी यजमानांची पाळी संपत आली असताना दाढ काढली गेली आणि श्रेय दाढेला मिळालं. पेनकिलरबाबतही तेच. गोळी पोटात विरघळून रक्तात पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर कळ स्वतःच उतरणीला लागलेली असते, आणि वाटतं की गोळी लागू पडली. या आजारात चांगल्या दाढा उपटलेले, नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन करून घेतलेले रुग्ण जगभर सापडतात. तेव्हा कृपा करून आणखी एक दाढ काढायला नेऊ नका. रोजची पेनकिलरही बंद करा. तिनं ही कळ थांबत नाही. पोटाला आणि किडनीला त्रास होतो, आणि रोज घेतल्यानं वेगळीच डोकेदुखी मागे लागू शकते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं करा. एक वही घ्या आणि प्रत्येक कळेची नोंद ठेवा. एका रात्रीची नोंद साधारण अशी असेल: ‘झोपले ११.४०. उठले १.३०. डावा डोळा. १.४० ला सर्वांत जास्त, दहापैकी दहा. डोळा लाल, पाणी, नाक बंद. अंगणात फेऱ्या. २.२० ला थांबलं. औषध: काही नाही. दारू: नाही.’ दुपारच्या कळेचीही अशीच नोंद करा, आणि त्याआधी डुलकी लागली होती का तेही लिहा. आठ-दहा दिवसांच्या नोंदी पाहिल्या की जाणकार डॉक्टरला चित्र दिसतं. रोज एक-दोन कळा, प्रत्येक पाऊण तासाच्या आसपास, सगळ्या डाव्या बाजूला, सगळ्यांत येरझाऱ्या: हे अर्धशिशीच्या नोंदीत बसत नाही.

दुसरं म्हणजे मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा. यजमानांना आधी, दिवसा, विश्वासात घेऊन सांगा. त्या क्षणी न विचारता मोबाइल समोर धरला तर त्यांना राग येईल. दिवा लावून चेहरा जवळून घ्या, दोन्ही डोळे एकत्र दिसतील असा, म्हणजे लाल डोळा आणि खाली आलेली पापणी दुसऱ्या बाजूशी ताडून पाहता येते. मग थोडं मागे होऊन ते कसे फिरतायत ते घ्या. हे इतकं का महत्त्वाचं, तर दिवसा ओपीडीत बसलेला तुमचा नवरा ठणठणीत असतो. डोळा पांढरा, नाक मोकळं, बीपी नॉर्मल. त्याच्याकडे पाहून डॉक्टरला टेन्शनच सुचणार. तुमच्या त्या डॉक्टरांनाही मी दोष देणार नाही, त्यांनी रात्री दीडचा माणूस पाहिलेलाच नाही.

गाठीची भीती तुम्ही विचारलीत. क्वचित एखाद्याला पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे किंवा आसपासच्या दुसऱ्या बिघाडामुळे अशीच कळ येते, म्हणून पहिल्यांदा निदान करताना मेंदूचा एमआरआय एकदा करून घ्यावा आणि त्यात पिट्युटरी नीट पाहायला सांगावं. बहुतेकांचा एमआरआय नॉर्मल येतो. नॉर्मल आला म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ मात्र काढू नका. क्लस्टर हेडेक एमआरआयमध्ये दिसत नाही, तो वहीत आणि व्हिडिओत दिसतो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. डोळा लाल आणि दुखतोय, पण दृष्टी धूसर झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतायत आणि तासाभरात थांबत नाही, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. त्यात काही तासांत नजर जाऊ शकते. कळ थांबली तरी पापणी पडलेलीच राहिली आणि मान दुखतेय, विशेषतः मानेला झटका बसल्यानंतर, तर मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात टोकाला गेली, किंवा सोबत ताप, मान ताठणं, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं असेल, तर तोही इमर्जन्सीचाच मामला. काही महिन्यांच्या अंतरानं पुन्हा तशीच पाळी येणं आणि मधल्या काळात पूर्ण बरं असणं हे यजमानांच्या बाजूनं आहे, पण डोळ्याचा दाब एकदा तपासून घ्यायला हरकत नाही.

आता उपचार. ते दोन वेगळ्या कामांचे आहेत: आलेली कळ थांबवणं, आणि पाळी चालू असेपर्यंत कळा येऊच न देणं.

कळ थांबवायला सर्वांत निर्धोक साधन म्हणजे ऑक्सिजन. ऐकून आश्चर्य वाटेल, पण २००९ साली लंडनमधल्या एका चाचणीत मिनिटाला १२ लिटर शुद्ध ऑक्सिजन १५ मिनिटं दिल्यावर ७८ टक्के कळा थांबल्या किंवा पुरेशा उतरल्या. साधी हवा दिल्यावर हेच प्रमाण २० टक्के होतं. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करायचं. त्यात तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात.

पहिली चूक यंत्राची. कोविडपासून पुष्कळ घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत आणि लोक तेच वापरायला जातात. घरगुती कॉन्सन्ट्रेटर बहुधा मिनिटाला ५ लिटर देतो, मोठा असेल तर १०. इथे १२ ते १५ लिटर लागतात, म्हणून सिलिंडरच हवा, आणि त्याचा फ्लोमीटर १५ लिटरपर्यंत जाणारा हवा. दुसरी चूक मास्कची. नाकात घालायची नळी किंवा साधा मास्क चालत नाही, कारण बाजूनं हवा मिसळते. खाली रबरी पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्क मागा. पिशवी आधी फुगू द्यायची, मास्क घट्ट धरायचा, यजमानांनी बसून थोडं पुढे वाकून सावकाश खोल श्वास घ्यायचा. तिसरी चूक उशिराची. कळेची पहिली चाहूल लागताच सुरू करायचं, शिगेला पोचल्यावर नाही. कळ पाच मिनिटांत थांबली तरी पंधरा मिनिटं पूर्ण करा.

बोटाला ऑक्सिमीटर लावून ‘९८ आहे, ऑक्सिजनची काय गरज’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. इथे ऑक्सिजन रक्तात कमी पडलाय म्हणून देत नाहीत, कळेवरचं औषध म्हणून देतात. बी-टाइपच्या मध्यम सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू असतो. एका कळेला १२ लिटर गुणिले १५ मिनिटं म्हणजे १८० लिटर लागले, तर एक सिलिंडर जेमतेम आठ कळांना पुरतो. रोज एक-दोन कळा असताना आठवडाभरही नीट पुरणार नाही, म्हणून भरून देणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. सिलिंडर असलेल्या खोलीत विडी-सिगारेट, उदबत्ती, गॅस काही नको, आणि कपाळाला बाम किंवा तेल चोळून मास्क लावू नका. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलकट वस्तू भसकन पेट घेते. यजमानांना धूम्रपानामुळे जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार जडला असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, अशा रुग्णांना एवढा ऑक्सिजन जपूनच द्यावा लागतो.

दुसरं साधन म्हणजे सुमाट्रिप्टान. हे अर्धशिशीचंच औषध आहे, पण इथे त्याची गोळी उपयोगी नाही, तीही उशिराच पोचते. कातडीखाली घ्यायचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दहा-पंधरा मिनिटांत काम करतं. नाकात मारायचा स्प्रे त्यापेक्षा थोडा हळू. चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त इंजेक्शनं घ्यायची नाहीत. हृदयविकार, पूर्वी झालेला लकवा किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर हे औषध चालत नाही, कारण ते रक्तवाहिन्या आकसवतं. चाळिशीच्या जवळ आलेल्या आणि तंबाखूची सवय असलेल्या माणसाला ते देण्याआधी मी ईसीजी पाहिल्याशिवाय राहत नाही.

कळा येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल हे पहिल्या पसंतीचं औषध. मूळचं ते बीपी आणि हृदयाचं. सहसा ८० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करून हळूहळू वाढवतात आणि प्रत्येक वाढीआधी ईसीजी काढतात, कारण ते हृदयातला विजेचा प्रवाह मंदावतं. हे ईसीजी कंटाळून टाळू नका, आणि ‘माझं बीपी नॉर्मल असताना बीपीची गोळी कशाला’ म्हणून गोळी मध्येच सोडू नका. बद्धकोष्ठ आणि पायांवर सूज हे त्याचे नेहमीचे त्रास. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोपर्यंतचे दिवस काढायला डॉक्टर प्रेडनिसोलोनचा छोटा कोर्स देतात, किंवा मानेच्या मागे, कवटीच्या बुडाशी असलेल्या नसेजवळ इंजेक्शन देतात. प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. तीन-चार दिवसांत इतका आराम पडतो की लोक तेच महिनोन्‌महिने मेडिकलमधून आणून खात बसतात. तसं होऊ देऊ नका. साखर, हाडं, डोळे, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. यजमानांना डायबिटीस असेल तर आधीच सांगा.

पाळी चालू आहे तोवर दारू पूर्ण बंद. या दिवसांत थोडी घेतली तरी तासाभरात कळ उठू शकते, आणि पाळी नसताना तीच दारू घेऊन काहीच होत नाही, म्हणून संबंध लक्षात येत नाही. यजमान शनिवारी वगैरे घेत असतील तर वहीत ते खरं खरं लिहा. दुपारची डुलकीही काही दिवस टाळलेली बरी. लेथवर असताना कळ आली तर मशिन बंद करून बाजूला होता यायला हवं. एका डोळ्यात पाणी, पापणी खाली आणि हात फिरत्या जॉबजवळ, हा धोका पत्करू नये. सुपरवायझरला आजाराचं नाव सांगा, लागलं तर न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी द्या. रात्रपाळी-दिवसपाळीची अदलाबदलही थोडे आठवडे थांबवता आली तर पाहा. झोपेची वेळ सारखी हलली की कळांची वेळही हलते, आणि नोंदीही कळेनाशा होतात.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे मी हलक्यात पाहत नाही. या आजाराची वेदना माणसाला माहीत असलेल्या सर्वांत तीव्र वेदनांपैकी आहे आणि कळ चालू असताना मरणाचे विचार येणारे रुग्ण कमी नाहीत. कळ नसताना, शांतपणे, त्यांना सरळ विचारा: ‘खरंच जीव द्यावासा वाटतो का? काही करायचं ठरवलंय का?’ विचारल्यानं डोक्यात विचार शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ते गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक, गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असते, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि आजाराचं नाव त्यांना आजच सांगा. आपल्याला वेड लागलेलं नाही, डोक्यात काही फुटत नाहीये आणि ही पाळी संपणार आहे, एवढं कळल्यावर कित्येकांच्या चेहऱ्यावरचा ताण मी माझ्यासमोर उतरताना पाहिला आहे.

कराडहून साताऱ्याला, कोल्हापूरला किंवा पुण्याला जाऊन न्यूरोलॉजिस्टला दाखवता येईल. अपॉइंटमेंट घेताना ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगितलंत तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. ‘रोज रात्री एका डोळ्यामागे कळ येते, डोळ्यातून पाणी येतं, पापणी पडते, तीन आठवडे झाले,’ असं सांगा आणि लवकरची वेळ मागा, कारण कळा चालू असताना दाखवलं तरच उपचार लगेच सुरू करून त्यांचा उपयोग होतो का ते पाहता येतं.

पाळी ओसरली की व्हेरापामिल वर्षभर चालू ठेवावं लागत नाही. शेवटच्या कळेनंतर काही आठवड्यांनी डॉक्टर ते उतरवत आणतात. त्या भेटीतच पुढच्या पाळीची चिठ्ठी लिहून घ्या: पहिल्या कळेच्या दिवशी कोणतं औषध किती सुरू करायचं, ईसीजी कधी, सिलिंडर कुठून आणायचा. गेल्या वर्षी दिवाळीला सुरुवात झाली होती, तेव्हा पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आसपास मास्क आणि फ्लोमीटर बाहेर काढून नीट चालतात का ते पाहून ठेवा.